पन्नास नोंदी आणि एक सरळ रेघ

धावत्या गाडीला ब्रेक लावला की ती थांबेपर्यंत किती अंतर जाते? १९२०च्या दशकात हे मोजून ठेवलेल्या पन्नास नोंदी आजही संख्याशास्त्राच्या वर्गात वापरल्या जातात. मॉर्डेकाय इझिकेल या अमेरिकी अर्थतज्ज्ञाच्या १९३० सालच्या पुस्तकातून त्या आल्या आहेत. R ही संगणकप्रणाली उघडली की त्या `cars` या नावाने आत तयारच असतात. दोनच रकाने आहेत. एकात ताशी मैलांमध्ये वेग, ४ ते २५. दुसऱ्यात थांबण्याचं अंतर फुटांमध्ये, २ ते १२०.

पाठ्यपुस्तकातलं रिग्रेशनचं प्रकरण लांबलचक असतं. त्यातलं रोजच्या कामाला लागणारं बहुतेक सगळं या पन्नास नोंदींमधून समजून घेता येतं. बाजारपेठेचा अहवाल असो, पिकाच्या उत्पादनाचा अभ्यास असो की एखादा पीएच.डी.चा प्रबंध, खाली दिला आहे तसाच तक्ता सगळीकडे भेटतो. तो वाचायचा कसा, हे एकदा सावकाश पाहू.

वेग आडव्या अक्षावर आणि अंतर उभ्या अक्षावर घेऊन पन्नास ठिपके मांडायचे. त्यांच्यामधून एक सरळ रेघ अशी काढायची, की प्रत्येक ठिपका रेघेच्या जितका वर किंवा खाली राहतो त्या फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी यावी. या फरकाला रेसिड्युअल म्हणतात. रेघेने सांगून झाल्यावर जे सांगायचं उरलं, ते रेसिड्युअल. रिग्रेशनच्या सगळ्या अटी या उरलेल्या भागाबद्दल असतात, म्हणून हा शब्द नीट लक्षात असू द्यावा.

संगणक जे छापतो, त्यातला महत्त्वाचा भाग असा:

```
Residuals:
    Min      1Q  Median      3Q     Max
-29.069  -9.525  -2.272   9.215  43.201

Coefficients:
            Estimate Std. Error t value Pr(>|t|)
(Intercept) -17.5791     6.7584  -2.601   0.0123 *
speed         3.9324     0.4155   9.464 1.49e-12 ***

Residual standard error: 15.38 on 48 degrees of freedom
Multiple R-squared:  0.6511
```

तक्ता हातात आला की बहुतेकांची नजर आधी त्या तीन ताऱ्यांवर जाते. आपण `speed`च्या ओळीपासून सुरुवात करू, पण डावीकडून. पहिला आकडा ३.९३. वेग ताशी एक मैलाने वाढला तर थांबायला सरासरी सुमारे चार फूट जास्त लागतात, असं रेघ सांगते. पुढचा आकडा, ०.४२, हा स्टँडर्ड एरर. अशाच दुसऱ्या पन्नास नोंदी घेतल्या असत्या तर ३.९३ हा आकडा साधारण किती हलला असता, त्याचा हा अंदाज. त्याची सुमारे दुप्पट दोन्ही बाजूंना धरली की ३.१ ते ४.८ असा पट्टा मिळतो. अहवालात हा पट्टा लिहावा, असा माझा आग्रह असतो. वाचणाऱ्याला नुसत्या ताऱ्यांपेक्षा त्यातून खूप जास्त कळतं.

पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं की ९.४६ येतात. शेवटचा आकडा म्हणजे पी-व्हॅल्यू. वेगाचा आणि अंतराचा काहीच संबंध नसता, तर केवळ योगायोगाने शून्यापासून इतका दूरचा उतार मिळण्याची शक्यता किती, एवढंच ती सांगते. `1.49e-12` म्हणजे दशांशचिन्हानंतर अकरा शून्यं आणि मग १४९. योगायोगाचा प्रश्न इथे मिटला. पण रेघ योग्य जागी बसली आहे की नाही, याबद्दल पी-व्हॅल्यू एक अक्षरही बोलत नाही.

खालच्या ओळीतला ०.६५ हा आर-स्क्वेअर्ड. अंतरांमध्ये जो चढउतार दिसतो, त्यातला ६५ टक्के वेगाच्या रेघेने टिपला. त्याच्या वरचा १५.३८ हा आकडा मला जास्त उपयोगी वाटतो. रेघेचा अंदाज सर्वसाधारणपणे पंधरा फुटांनी चुकतो, असं तो साध्या फुटांत सांगतो. ताशी २० मैल वेगाला रेघ ६१ फूट म्हणते. तेव्हा एखादी गाडी ३० फुटांत थांबली किंवा तिला ९२ फूट लागले, तरी नवल वाटायला नको.

आता अटी. पुस्तकात त्या चार दिलेल्या असतात. खरा संबंध सरळ रेषेचा असावा. नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र असाव्यात. रेसिड्युअलचा पसारा सगळीकडे सारखा असावा. आणि रेसिड्युअल घंटेच्या आकारात, म्हणजे नॉर्मल पद्धतीने, विखुरलेले असावेत. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. वेगाचे किंवा अंतराचे आकडे स्वतः नॉर्मल असायला हवेत, असं पुष्कळ जण धरून चालतात आणि त्यासाठी आधीच चाचण्या लावत बसतात. अट आहे ती रेसिड्युअलची.

आपल्या तक्त्यात अटी मोडल्याच्या खुणा आहेत, आणि त्या ताऱ्यांच्या शेजारीच छापलेल्या आहेत. `(Intercept)`ची ओळ पाहा. वेग शून्य असताना गाडी उणे साडेसतरा फुटांत थांबते! उभ्या गाडीची नोंदच नाही, म्हणून हा आकडा सोडून देण्याची पद्धत आहे, आणि एरवी ती बरोबरही असते. पण ताशी ४ मैलांच्या दोन नोंदी आहेत, एक २ फुटांची आणि एक १० फुटांची. तिथे रेघ सांगते उणे १.८ फूट. मोजलेल्या वेगांच्या आतच रेघ अशक्य अंतर सांगू लागली, तर तिचा आकारच चुकला असण्याची शंका घ्यायला हवी.

दुसरी खूण सर्वांत वरच्या ओळीत आहे, जी वाचायची कुणाला आठवणच राहत नाही. रेसिड्युअल खाली २९पर्यंत जातात आणि वर ४३पर्यंत. मधला आकडा शून्याऐवजी उणे २.३ आहे. पसारा वरच्या बाजूला ओढला गेला आहे.

खात्री करायची तर चित्र काढावं लागतं. रेघेने सांगितलेलं अंतर आडवं, रेसिड्युअल उभा:

```r
m <- lm(dist ~ speed, data = cars)
plot(fitted(m), resid(m))
```

सगळं ठीक असेल तर या चित्रात काहीच दिसत नाही. शून्याच्या वर-खाली अंगणात दाणे फेकल्यासारखे ठिपके पडतात. इथे मात्र आकार दिसतो. ताशी ४ ते १० मैलांच्या नऊ नोंदींपैकी सहा रेघेच्या वर आहेत. ११ ते १७ मैलांच्या बावीस नोंदींपैकी चौदा खाली. आणि २४-२५ मैलांच्या पाचपैकी चार पुन्हा वर. दोन्ही टोकांना वर आणि मधे खाली, अशी ही ओंजळ आहे. वळणदार संबंधावर सरळ पट्टी ठेवली की ती अशीच दिसते. कारणही भौतिकशास्त्रात आहे. ब्रेक लागल्यानंतर गाडी घसटत जाते ते अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. वेग दुप्पट झाला तर ते चौपट होतं.

त्याच चित्रात दुसरा दोषही आहे. कमी वेगाच्या त्या नऊ नोंदींमध्ये रेसिड्युअल उणे ८ ते अधिक १२ एवढ्यातच राहतात. ताशी १८ मैलांच्या पुढच्या एकोणीस नोंदींमध्ये ते उणे २९ ते अधिक ४३ पसरतात. ठिपके डावीकडे चिमटीत आणि उजवीकडे पंख्यासारखे उघडलेले. अशा वेळी १५.३८ हा एकच आकडा दोन्हीकडे खोटा ठरतो. ताशी ५ मैल वेगाला रेघ २ फूट सांगते आणि त्यावर दोन्ही बाजूंना तीस फुटांची चूक जोडते. म्हणजे उणे २८ ते अधिक ३२ फूट. वरच्या वेगांना मात्र तीच चूक अपुरी पडते, आणि रस्त्यावर धोका असतो तो तिथेच. स्टँडर्ड एररही याच एका आकड्यावरून काढलेला असल्यामुळे त्यावरही पुरता विश्वास ठेवता येत नाही.

नॉर्मल असण्याच्या अटीचं मी फार मनाला लावून घेत नाही. पन्नास नोंदी असताना उताराचा पट्टा तेवढ्याने बिघडत नाही. एकेका गाडीचा अंदाज सांगायचा असेल, तर मात्र ती अट पाहावीच लागते.

स्वतंत्रतेची अट सर्वांत फसवी, कारण या चित्रात ती दिसत नाही. आपल्या नोंदींमध्ये गाडी कोणती, चालक कोण, रस्ता कोरडा की ओला, हे काहीच लिहिलेलं नाही. एकाच गाडीच्या पाच-पाच फेऱ्या असतील, तर पन्नास नोंदी पन्नास पुराव्यांच्या मोलाच्या राहत नाहीत. काळानुसार घेतलेल्या आकड्यांमध्ये हे नेहमीच घडतं. तुरीचा आजचा भाव कालच्या भावाला धरून असतो. दोनशे दिवसांचे भाव घेतले तरी माहिती दोनशे स्वतंत्र नोंदींएवढी नसते. संगणकाला ते कळत नाही, तो स्टँडर्ड एरर प्रमाणापेक्षा लहान छापतो आणि तारे फुकट वाढतात. ओळखायचं असेल तर रेसिड्युअल तारखेच्या क्रमाने मांडावेत. सलग कितीतरी दिवस ते रेघेच्या एकाच बाजूला राहिले, तर अट मोडली आहे असं धरावं.

आपल्या उदाहरणातल्या दोन दोषांवर सोपा उपाय आहे. अंतराऐवजी अंतराचं वर्गमूळ घ्यायचं आणि पुन्हा रेघ काढायची. `lm(sqrt(dist) ~ speed, data = cars)` असं लिहिलं की उतार ०.३२२ येतो आणि सुरुवातीचा आकडा १.२७७. आता ताशी ४ मैलांना उत्तर साडेसहा फूट येतं, उणे काही नाही. ओंजळ बरीचशी सपाट होते, पंखाही पुष्कळ मिटतो. आर-स्क्वेअर्ड ०.७१ होतो, पण ०.६५ वरून ०.७१ झाला म्हणून ही रेघ चांगली, असं म्हणता येणार नाही. एक आकडा फुटांतल्या चढउताराबद्दल आहे, दुसरा वर्गमुळांतल्या. दोघांची तुलनाच होत नाही. दुसरी रेघ चांगली आहे, कारण तिच्या रेसिड्युअलमध्ये आकार फारसा उरलेला नाही.

नुसत्या तक्त्यावर विसंबून किती फसगत होऊ शकते, हे फ्रान्सिस अँसकोंब या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवलं. त्याने अकरा-अकरा ठिपक्यांचे चार संच रचले. चौघांचीही रेघ ३ अधिक ०.५ गुणिले x, चौघांचाही आर-स्क्वेअर्ड ०.६७. पहिल्या संचात ठिपके खरोखर रेघेभोवती आहेत. दुसऱ्यात स्वच्छ कमान आहे. तिसऱ्यात सगळे एका रेघेत आणि एकटा ठिपका रेघेला आपल्याकडे ओढतो. चौथ्यात दहा ठिपके एकाच उभ्या ओळीत आहेत, आणि अकरावा दूरचा ठिपका काढला तर रेघच काढता येत नाही.

हे चार संचही R मध्ये `anscombe` या नावाने आहेत. पुढच्या वेळी कुणी रिग्रेशनचा तक्ता पुढे ठेवला, तर त्याच्याकडून रेसिड्युअलचं चित्र मागून घ्या.