शेजारच्या चेचींना ओणमच्या शुभेच्छा द्यायच्या आहेत?

बडोद्यात आमच्या समोरच्या दारात ओणमच्या दिवसांत फुलांची रांगोळी दिसते. तिला पूक्कळम म्हणतात. गेल्या वर्षी पहिल्याच दिवशी मी उत्साहाने ‘हॅपी ओणम’ म्हणून आले. समोरच्या चेची (म्हणजे ताई) हसल्या आणि म्हणाल्या, “अगं, आज तर फक्त अत्तम!”

तेव्हा कळलं की चिंगम महिन्यातल्या अत्तम नक्षत्रापासून फुलं मांडायला सुरुवात होते आणि मुख्य सण असतो तिरुवोणमला. तिरुवोणम म्हणजे आपलं श्रवण नक्षत्र. आधी शुभेच्छा दिल्या तर कुणी रागावत नाही, पण दार वाजवायचं ते तिरुवोणमच्या सकाळी. दुपारी सगळे केळीच्या पानावरच्या सद्येत, म्हणजे जेवणात, गुंतलेले असतात.

शुभेच्छा एकाच शब्दात देता येतात: ओणाशंसकळ. ओणम अधिक आशंसा, म्हणजे शुभेच्छा. शेवटचं ‘कळ’ अनेकवचनाचं. ‘ओ’ थोडा लांबवा आणि शेवट ‘फळ’ शब्दातल्या ळ सारखा करा. अनेक हिंदी भाषकांची जीभ इथे ‘कल’वर घसरते. आपल्याला तो ळ घरचाच!

घरात बरीच माणसं असतील तर म्हणा, एल्लावर्क्कुम ओणाशंसकळ, म्हणजे सगळ्यांना शुभेच्छा. आणखी जिव्हाळ्याने म्हणायचं तर हृदयम् निरञ्ञ ओणाशंसकळ, मन भरून शुभेच्छा. ‘ञ्ञ’ जमत नसेल तर पहिलंच वाक्य बरं.

यंदा आमचं बोलणं असं झालं:

“चेची, ओणाशंसकळ!”

“नन्नि! निङ्ङळ्क्कुम ओणाशंसकळ. सद्यय्क्कु वरणम!”

“वरां, चेची!”

‘नन्नि’ म्हणजे आभार (लिहिताना ‘नन्दि’ लिहितात). ‘निङ्ङळ्क्कुम’ म्हणजे तुम्हालाही. तुम्हाला कुणी आधी शुभेच्छा दिल्या तर हेच उत्तर द्यायचं. ‘सद्यय्क्कु वरणम’ हे जेवणाचं आमंत्रण आणि ‘वरां’ म्हणजे येते किंवा येतो. नुसतं ‘नन्नि’ म्हणून थांबलात तर चेचींना कळणार नाही की पान वाढायचं की नाही. वयाने मोठ्या पुरुषाला ‘चेट्टा’ म्हणा, म्हणजे दादा.

एक गोष्ट मात्र आधी बघा. घरात वर्षभरात कुणी गेलं असेल तर अनेक हिंदू मल्याळी कुटुंबं त्या वर्षी ओणम करत नाहीत, आपल्याकडे सण करत नाहीत तसंच. नेहमीचं पूक्कळम दिसलं नाही तर शुभेच्छांऐवजी सुखमाणो? (बरं आहे ना?) एवढंच विचारा.

यंदा पानावर बसल्यावर चेचींनी महाबळीची गोष्ट सांगितली. वर्षातून एकदा आपल्या प्रजेला भेटायला येणारा राजा. मी म्हटलं, आमच्याकडेही बलिप्रतिपदेला म्हणतात, ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’. चेचींनी ते मल्याळम लिपीत लिहून घेतलं. दिवाळीत त्या म्हणणार आहेत. ळ त्यांनाही सोपा आहे.