एकच गृहकर्ज, दोन कॅरोसेल

तीस लाखांचे गृहकर्ज, व्याजदर ९ टक्के, मुदत २० वर्षे. या कर्जाचा मासिक हप्ता २६,९९२ रुपये येतो. एवढ्या माहितीवर इन्स्टाग्रामसाठी किंवा लिंक्डइनसाठी कॅरोसेल करायचे ठरवले, तर लिहिणाऱ्याला आधी एक गोष्ट ठरवावी लागते. वाचणारा पहिल्यांदा कर्ज घेणार आहे, की पाच वर्षे हप्ते भरून आता हातात आलेल्या बोनसचे काय करावे या विचारात आहे? एकाच कॅरोसेलमध्ये दोघांना सामावून घ्यायला गेले की पहिला चौथ्या स्लाइडवर अडकतो आणि दुसरा दुसऱ्याच स्लाइडवर निघून जातो.

इन्स्टाग्रामवर एका पोस्टमध्ये अनेक फोटो टाकण्याची सोय २०१७ मध्ये आली, तेव्हा मर्यादा दहाची होती. २०२४ मध्ये ती वीसवर गेली. जागा वाढली म्हणून अनेकांनी पहिल्या सात स्लाइड नवख्यांसाठी आणि पुढच्या जाणकारांसाठी अशी वाटणी सुरू केली. ती सहसा फसते. जाणकार सात स्लाइड ओलांडून आपल्या कामाच्या जागी पोहोचण्याइतका थांबत नाही.

हा फक्त उतावळेपणा नाही. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले जॉन स्वेलर आणि स्लाव्हा कल्युगा यांनी सहकाऱ्यांसह शिकण्याच्या प्रक्रियेवर दीर्घकाळ काम केले. २००३ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की नवशिक्याला ज्या पायरीपायरीच्या स्पष्टीकरणाचा फायदा होतो, तेच स्पष्टीकरण जाणकाराच्या शिकण्यात अडथळा आणू शकते. माहीत असलेली गोष्ट पुन्हा समोर आली की डोके ती आपल्या जुन्या समजुतीशी ताडून पाहू लागते आणि नव्या मुद्द्यासाठी लागणारे लक्ष त्यातच खर्च होते. त्यामुळे जाणकारांच्या कॅरोसेलमधून ‘हप्ता म्हणजे काय’ ही स्लाइड काढून टाकणे ही त्यांना केलेली मदतच असते.

आता नवख्यांचे कॅरोसेल पाहू. त्याच्या मनातला प्रश्न साधा असतो: दरमहा जाणाऱ्या पैशांचे होते काय? पहिल्या स्लाइडवर हाच प्रश्न आणि २६,९९२ हा आकडा पुरतो. दुसऱ्या स्लाइडवर पहिल्या हप्त्याची फोड द्यावी: २२,५०० रुपये व्याजात गेले, ४,४९२ रुपये मुद्दलात. ही फोड पाहून वाचक दचकतो, आणि तिसऱ्या स्लाइडने त्याच दचकण्याला उत्तर द्यायचे असते. तीस लाखांवर ९ टक्क्यांनी वर्षाचे व्याज २ लाख ७० हजार, महिन्याचे २२,५००. चौथ्या स्लाइडवर दुसरा महिना: मुद्दल ४,४९२ रुपयांनी घटले, म्हणून व्याज ३४ रुपयांनी कमी लागले आणि तेवढेच ३४ रुपये जास्तीचे मुद्दलाकडे वळले. इथे ‘शिल्लक मुद्दल’ हा शब्द पहिल्यांदा वापरावा. ज्या गोष्टीला तो शब्द लावायचा, ती वाचकाने आता डोळ्यांनी पाहिलेली असते.

पुढे एकच आलेख पुरे. हप्त्यातला मुद्दलाचा वाटा व्याजापेक्षा मोठा व्हायला तेरावे वर्ष उजाडते, आणि चौदा वर्षे हप्ते भरल्यावरही जवळपास पंधरा लाख रुपये फेडायचे उरलेले असतात. इतके समजले की नवख्याचे काम झाले. रेपो दर, रीसेट, करसवलत यांतले काहीही इथे येऊ नये.

याच ठिकाणी एक सापळा आहे. सोपे करण्याच्या नादात ‘बँक आधी व्याज वसूल करते आणि मुद्दल नंतर घेते’ असे वाक्य हमखास लिहिले जाते. ते चूक आहे. बँक त्या त्या महिन्याच्या शिल्लक मुद्दलावरच व्याज लावते, सुरुवातीला मुद्दल मोठे असते म्हणून व्याजही मोठे असते. ज्याच्या मनात ‘व्याज आधीच वसूल झाले’ हे पक्के बसते, तो पुढे सात-आठ वर्षांनी ‘आता जादा पैसे भरून काय उपयोग’ असे म्हणतो आणि स्वतःचे नुकसान करून घेतो. नवख्यांसाठी लिहिताना तपशील गाळायला हरकत नाही, पण दुसऱ्या कॅरोसेलमध्ये खोडून काढावे लागेल असे वाक्य पहिल्यात असता कामा नये. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले की अशी वाक्ये लगेच सापडतात.

जाणकारांच्या कॅरोसेलचा क्रम उलटा असतो. तिथे निष्कर्ष पहिल्याच स्लाइडवर हवा: ‘वर्षभरानंतर एक लाख जादा भरले. मुदत घटवली तर व्याजात सुमारे ४ लाख १३ हजार वाचतात, हप्ता घटवला तर सुमारे १ लाख ९ हजार.’ या वाचकाला हप्त्याची फोड माहीत आहे, त्याला हवा आहे तो या दोन आकड्यांतल्या फरकाचा हिशेब. बारा हप्त्यांनंतर शिल्लक सुमारे २९ लाख ४४ हजार. लाख भरून हप्ता तोच ठेवला तर २२८ ऐवजी २०९ हप्ते उरतात. मुदत तीच ठेवली तर हप्ता सुमारे ९१७ रुपयांनी उतरतो, पण मोठ्या शिल्लकेवर व्याज मात्र जास्त काळ चालू राहते.

यानंतर दरवाढीची स्लाइड येते, कारण ती अनेकांनी भोगलेली आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला आणि कित्येकांचा हप्ता तोच राहून मुदत मात्र लांबत गेली. आपल्या उदाहरणात वर्षभरानंतर दर फक्त अर्ध्या टक्क्याने वाढला आणि हप्ता बदलला नाही, तर जवळपास दोन वर्षांचे हप्ते वाढतात. मुदत तीच ठेवायची तर हप्ता सुमारे ९४० रुपयांनी चढतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना सांगितले, की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हा पर्याय कर्जदाराला द्यायला हवा. जाणकाराला बँकेत जाऊन नेमके काय मागायचे हे या स्लाइडवरून कळले पाहिजे.

अटींची स्लाइडही याच कॅरोसेलमध्ये हवी, आणि ती बारीक अक्षरांत दडवू नये. वरचे आकडे दर स्थिर धरून काढले आहेत. जुन्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते, नव्या प्रणालीत ती मिळत नाही. त्यामुळे जुन्या प्रणालीतल्या माणसाची खरी बचत थोडी कमी भरू शकते. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड लागत नाही, स्थिर दराच्या कर्जाचे मात्र करारात पाहावे लागते.

छापण्याआधी तपासणी सोपी आहे. कर्ज न घेतलेल्या एखाद्याला पहिल्या कॅरोसेलच्या तीन स्लाइड दाखवून चौथीवर काय असेल ते विचारावे. ‘व्याज हळूहळू कमी होत जाईल का?’ असे उत्तर आले तर क्रम बरोबर बसला. पोस्ट गेल्यानंतर प्रतिक्रिया वाचाव्यात. जाणकारांच्या कॅरोसेलखाली ‘मुद्दल म्हणजे काय?’ असे प्रश्न येऊ लागले, तर मजकुरात भर घालण्याआधी पहिली स्लाइड बदलावी. तिने चुकीच्या वाचकाला आत बोलावलेले असते. ‘अनुभवी वाचकांसाठी’ अशी पाटी लावून फारसा उपयोग होत नाही, कारण स्वतःला अनुभवी समजणारे पुष्कळ असतात. ‘तुमच्या कर्जाची मुदत गेल्या दोन वर्षांत वाढली का?’ हा प्रश्न मात्र ज्याचे कर्ज चालू आहे त्यालाच थांबवतो.