ग्रॅच्युइटी उशिरा मिळाली? व्याजाचा हिशेब तारखांमध्ये असतो

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला ग्रॅच्युइटी वर्षभराने मिळाली, की तो सुटकेचा निःश्वास टाकतो आणि फाईल माळ्यावर टाकतो. त्या फाईलमध्ये अजून पैसे शिल्लक असतात, हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 मधल्या नियम 129-अ प्रमाणे, निवृत्तीनंतर तीन महिने उलटूनही ग्रॅच्युइटी मिळाली नाही आणि उशीर प्रशासकीय दिरंगाईमुळे झाला असेल, तर तीन महिन्यांपुढच्या काळाचं व्याज द्यावं लागतं. दर भविष्य निर्वाह निधीच्या ठेवींचा, म्हणजे 2020 पासून 7.1 टक्के. पेन्शनसाठी अशीच तरतूद नियम 129-ब मध्ये आहे. तिथे सवलतीचा काळ सहा महिन्यांचा. मात्र तात्पुरती पेन्शन सुरू झाली असेल, तर हा हक्क राहत नाही. त्यामुळे प्रत्यक्षात भांडण होतं ते ग्रॅच्युइटीवरच.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका जिल्हा कार्यालयातल्या अधीक्षक बाई 31 मे 2022 रोजी निवृत्त झाल्या आणि 12 लाखांची ग्रॅच्युइटी खात्यात जमा झाली 31 ऑक्टोबर 2023 रोजी. पहिले तीन महिने 31 ऑगस्ट 2022 ला संपले. पुढचे चौदा महिने व्याजाचे. 12 लाखांवर 7.1 टक्क्यांनी वर्षाचे 85,200 होतात, महिन्याचे 7,100. चौदा महिन्यांचे 99,400 रुपये.

ही रक्कम आपोआप येत नाही. नियमात ‘प्रशासकीय दिरंगाई’ सिद्ध व्हायला हवी, असं आहे, आणि ती कार्यालय स्वतःहून कशाला कबूल करेल? शिवाय व्याज मंजूर झालं, की दिरंगाई कुणाची हे ठरवून त्याच्यावर कारवाई करायची, असंही नियमच सांगतो. मला वाटतं, अर्ज टेबलावर पडून राहण्याचं खरं कारण हेच.

म्हणून अर्जात तक्रार कमी आणि तारखा जास्त असाव्यात. निवृत्तीच्या सहा महिने आधी पेन्शनचं प्रकरण महालेखापालांकडे जायला हवं. विदर्भ-मराठवाड्याचं नागपूरला, बाकीचं मुंबईला. बाईंनी पेन्शनचे नमुने सह्या करून डिसेंबर 2021 मध्येच दिले होते, पोच त्यांच्याकडे आहे. प्रकरण मात्र गेलं ऑगस्ट 2022 मध्ये. ऑक्टोबरमध्ये ते आक्षेपासह परत आलं: सेवापुस्तकात वेतननिश्चितीची पडताळणी झालेली नाही. ही पडताळणी वेतन पडताळणी पथकाकडून करून घेणं कार्यालयाचं काम. सेवापुस्तक तिथे जाऊन यायला जून 2023 उजाडला.

या तारखा मिळतात आवक-जावक नोंदवहीत. माहितीच्या अधिकारात 10 रुपये भरून तिच्या संबंधित पानांची, महालेखापालांच्या आक्षेपपत्राची आणि वेतन पडताळणीसाठी पाठवल्याच्या पत्राची प्रत मागायची. ‘माझ्या प्रकरणाला उशीर का झाला’ असं विचारू नये. का-कशाला उत्तर मिळत नाही, कागदाला मिळतं.

मग एका पानाचा तारीखवार तक्ता, ग्रॅच्युइटी प्रदान आदेशाची प्रत, पैसे जमा झाल्याचं पासबुकाचं पान आणि नमुने दिल्याची पोच जोडून कार्यालय प्रमुखांमार्फत विभागाकडे अर्ज करायचा. मंजुरी प्रशासकीय विभाग वित्त विभागाच्या सल्ल्याने देतो. उशीर आपल्याकडूनच झाला असेल, जसे की नमुने वेळेवर दिलेच नाहीत, तर त्या काळाचा दावा टिकणार नाही. विभागीय चौकशी चालू असताना ग्रॅच्युइटी रोखलेली असते. तिथला उशीरही साध्या दिरंगाईत बसत नाही.

अर्जावर सहा महिने काहीच हललं नाही, तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. ते सहा महिने संपल्यापासून एक वर्षात तिथे जायला हवं. इथे बरेच जण फसतात. स्मरणपत्रांमागून स्मरणपत्रं पाठवत राहतात आणि त्यातच वर्ष निघून जातं. स्मरणपत्राने मुदत वाढत नाही. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना मात्र न्यायाधिकरण नाही, उच्च न्यायालयच.

दर किती मागायचा, हेही आधीच ठरवावं. केरळमधल्या एका निवृत्त कर्मचाऱ्याला शेवटच्या वेतनाचा दाखला वेळेत न मिळाल्याने दोन वर्षांहून अधिक थांबावं लागलं. त्याने दाव्यात 12 टक्के मागितले होते, जिल्हा न्यायालयाने 6 दिले. डिसेंबर 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची याचिका फेटाळताना पेन्शन आणि ग्रॅच्युइटी ही सरकारची मेहेरबानी नव्हे, असं बजावलं. 12 टक्के द्यायलाही न्यायालयाची तयारी होती. पण 6 टक्क्यांविरुद्ध त्याने उच्च न्यायालयात प्रतिआक्षेपच नोंदवला नव्हता, त्यामुळे 6 वरच समाधान मानावं लागलं.