कांदा-लसूण मसाल्याची चार घरं

कागदावर एक उभी आणि एक आडवी रेघ मारली की चार घरं तयार होतात. आडव्या बाजूला माल: आजचा आणि नवा. उभ्या बाजूला बाजार: आजचा आणि नवा. धंदा वाढवायच्या चारच वाटा असतात, असं हा कागद सांगतो. आजचाच माल आजच्याच बाजारात जास्त खपवा, तोच माल नव्या बाजारात न्या, आजच्या गिऱ्हाइकाला नवा माल द्या, किंवा दोन्ही नवं करा. इगोर अ‍ॅन्सॉफ यांनी ही मांडणी १९५७ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधल्या लेखात केली. ते मूळचे व्लादिवोस्तोकचे, शिक्षणाने अभियंता आणि गणितज्ञ. त्यांच्या लेखातलं एक उदाहरण विमानाचं आहे: प्रवासी विमानात थोडा बदल करून ते मालवाहतुकीसाठी विकणं, म्हणजे जुना माल नव्या बाजारात नेणं.

विमानाचं उदाहरण देणारा हा कागद मसाल्याच्या कारखान्यात कसा चालतो, हे पाहायला एक नमुन्याचा कारखाना डोळ्यांपुढे ठेवू. सातारा जिल्ह्यातला, कांदा-लसूण मसाला करणारा. महिन्याला १० टन माल, म्हणजे २०० ग्रॅमच्या ५० हजार पुड्या, आणि त्या १,२०० किराणा दुकानांत जातात.

पहिलं घर सगळ्यांत साधं वाटतं, म्हणून मालक त्यावरून पटकन पुढे सरकतो. तिथेच थांबून विक्रीची वही उघडायला हवी. समजा १,२०० पैकी ७०० दुकानं महिन्याला सरासरी ६० पुड्या घेतात; झाल्या ४२ हजार. उरलेली ५०० दुकानं जेमतेम १६-१६ घेतात. झाल्या ८ हजार. या ५०० दुकानांचा खप नुसता ३० वर आला, तरी ७ हजार पुड्या वाढतात. म्हणजे १४ टक्के वाढ झाली, आणि त्यासाठी नवं यंत्र लागलं नाही की नवी चव.

ही दुकानं कमी का घेतात? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच: घरचा मसाला. फाल्गुन-चैत्रात गच्चीवर मिरच्या वाळतात, डंकावर कांडप होतं आणि वर्षाची बरणी भरते. इथला खरा स्पर्धक दुसऱ्या कंपनीची पुडी नसून ती बरणी आहे. पण बरणी वर्षभर पुरतेच असं नाही. दिवाळीनंतर ती तळाला लागते आणि नवी मिरची यायला अवकाश असतो. त्या दोन-तीन महिन्यांत दुकानात पुडी समोर दिसली, तर ती उचलली जाते. म्हणजे पहिल्या घरातली वाढ जाहिरातीपेक्षा वेळापत्रकातून येते.

तिसऱ्या घरात, म्हणजे जुन्या गिऱ्हाइकाला नवा माल देण्यात, मालकाचा जीव रमतो. मिसळ मसाला, मटण मसाला, मच्छी मसाला. कुटायचं यंत्र तेच, दुकान तेच, खर्च तेवढा मिरची-धण्याचा, असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात पैसा अडकतो तो पुडीच्या कागदात. छापील लॅमिनेटला प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर लागतो आणि छापणारा थोडका माल छापत नाही. समजा त्याने किमान ३०० किलोची अट घातली. २०० ग्रॅमच्या पुडीला साधारण ४ ग्रॅम फिल्म लागते, म्हणजे ३०० किलोत ७५ हजार पुड्या झाल्या. नवा मिसळ मसाला महिन्याला ३ हजार पुड्या खपला, तर ती फिल्म २५ महिने पुरेल. तोवर लेबलवरचा एखादा नियम बदलला, पत्ता बदलला किंवा चवीचा अंदाज चुकून घटक बदलले, की रोल गोदामात पडून राहतात. असे तीन मसाले एकदम काढले, तर नफा रोलांच्या रूपात भिंतीला टेकून उभा राहिलेला दिसतो. जाणता कारखानदार म्हणून आधी सगळ्या नव्या मसाल्यांना एकच समान पुडी घेतो, त्यावर नावाचं लेबल चिकटवतो आणि खप ठरल्यावरच सिलिंडर करतो.

नवा माल यंत्रालाही नवाच असतो. धणे पूड कोरडी, ती पुडीत सरळ उतरते. कांदा-लसूण मसाल्यात तळलेला कांदा, खोबरं आणि तेल. तो भरणीच्या नरसाळ्यात कमान धरून अडतो, आणि त्याचा बारीक थर तोंडाशी बसला की सील नीट बसत नाही. ओळखायची पद्धत सोपी आहे. पुडी दोन तळव्यांत दाबायची आणि सीलवर बोट फिरवायचं. बोटाला लाल तेलकट डाग लागला किंवा वास आला, तर ती पुडी दुकानात महिनाभरही नीट राहणार नाही. तेव्हा एखाद्या धणे पूडवाल्याने कोरड्या मसाल्याकडून ओल्या मसाल्याकडे जाणं हे कागदावर तिसरं घर असलं, तरी भरणीच्या यंत्रापाशी ते बरंच दूरचं घर असतं.

आता दुसरं घर: तोच मसाला, नवा बाजार. साताऱ्याची माणसं माथाडी कामासाठी मुंबईत आणि नवी मुंबईत गेली, तिथेच राहिली. त्यांच्या वस्तीतल्या दुकानात ही पुडी नेली, तर जीभ ओळखीचीच असते. बदलतात ते गाडीभाडं, वितरकाचं कमिशन आणि उधारीचे दिवस. हे खरोखर दुसरं घर.

पण तीच पुडी जर्मनीला किंवा हॉलंडला पाठवायचं ठरलं, की गोष्ट बदलते. कागदावर तेही दुसरंच घर दिसतं. २०२० च्या सप्टेंबरात बेल्जियममध्ये भारतातून गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड सापडलं आणि युरोपभर माल परत घेतला गेला. हा वायू जंतू मारण्यासाठी वापरतात. युरोपात अन्नासाठी त्याला परवानगी नाही आणि मसाल्यात त्याची मर्यादा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम आहे. कांदा-लसूण मसाल्यात तीळ असतात, हे इथे आठवायला हवं. वायू नको म्हटलं, तर जंतू मारायला वाफ द्यावी लागते. वाफेने मिरचीचा रंग काळवंडतो आणि उडून जाणारी सुगंधी तेलं काही प्रमाणात जातात. शिवाय जमिनीवर वाळलेल्या मिरचीत बुरशीमुळे अफ्लाटॉक्सिन होतं. युरोपात त्याची एकूण मर्यादा किलोमागे १० मायक्रोग्रॅम आहे. हे विष वाफेनेही जात नाही, म्हणून मिरची शेतातच ताडपत्रीवर वाळलेली घ्यावी लागते. म्हणजे शेतकरी नवा, प्रक्रिया नवी, तपासणी नवी, रंग नवा. माल जुना राहिलाच कुठे? हे नकळत गाठलेलं चौथं घर आहे.

चौथ्या घराबद्दल अ‍ॅन्सॉफ यांनी तेव्हाच बजावलं होतं की तिथे नवी कौशल्यं, नवी तंत्रं आणि नव्या सोयी लागतात. कोरडा मसाला करणारा तयार ग्रेव्हीकडे वळला, की त्याला हे कळतं. कोरड्या पुडीत पाणी जेमतेम असतं म्हणून ती टिकते. ग्रेव्हीत पाणी आलं, त्यामुळे बंद पाकिटाला १२१ अंशांच्या आसपास दाबाखाली शिजवावं लागतं. त्यात कसर राहिली तर जीवघेणे जंतू वाढू शकतात. मोठ्या कंपन्या असं अंतर पैशाने कापतात. डाबरने मसाल्यात यायचं ठरवलं तेव्हा स्वतःचं कांडप उभारलं नाही. २०२२ मध्ये बादशाह मसाल्याचा ५१ टक्के हिस्सा ५८७.५२ कोटींना घ्यायचा करार केला. चालता धंदा, त्याची माणसं आणि चव एकत्र विकत घेण्याची ती किंमत होती.

म्हणून या कागदावरच्या रेघा मी पेन्सिलीने मारायला सांगतो. एखादा विचार कोणत्या घरात बसतो, हे त्याच्या नावावरून ठरवायचं नाही. मिरची कुठून येणार, कांडप कोणतं, भरणी कशी, सील कसं, तपासणी कोण करणार, गाडी कुठे जाणार आणि दुकानदार कोण, हे सात प्रश्न विचारायचे. पाच-सहांचं उत्तर ‘आहे तेच’ आलं, तर विचार जवळच्या घरातला. चारांचं उत्तर ‘नवं’ आलं, तर तो चौथ्या घरातला समजून तेवढे पैसे आणि तेवढा वेळ हाताशी ठेवायचा, मग पुडीवर नाव तेच का असेना.

साताऱ्याच्या त्या कारखान्यात सातही उत्तरं ‘आहे तेच’ येतील अशी वाट एकच आहे. ती विक्रीच्या वहीत, १६ पुड्या घेणाऱ्या त्या ५०० दुकानांच्या नावांत लिहिलेली आहे.