ट्यूबवरची बारीक अक्षरं

कुणी रंगाच्या ट्यूबचा फोटो पाठवून ‘हा रंग कोणता?’ असं विचारलं, की आपली नजर आधी रंगाच्या पट्ट्याकडे जाते आणि मग ठळक नावाकडे. ट्यूब ओळखायला या दोन्ही गोष्टी फारशा उपयोगाच्या नाहीत. पट्टा बहुतेक वेळा छापील शाईचा असतो. त्यात पिवळ्या दिव्याखाली फोटो काढला असेल, तर किरमिजी रंग विटकरी दिसतो. नावाचंही तसंच. ‘सॅप ग्रीन’ किंवा ‘इंडियन यलो’ या नावाखाली प्रत्येक कंपनी वेगळं मिश्रण भरते. खरी ओळख असते ती ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत छापलेल्या रंगद्रव्याच्या कोडमध्ये.

एका विद्यार्थिनीने मला असाच एक फोटो पाठवला होता. जलरंगाची १४ मिलीची जुनी ट्यूब, विन्सर अँड न्यूटनची. तळाकडून गुंडाळत आणल्यामुळे लेबलचा निम्मा भाग घडीत गेलेला आणि वरच्या भागावर वाळलेल्या रंगाचे डाग. वाचता येत होतं ते एवढंच: नावाचा शेवटचा तुकडा ‘क्रिमसन’, ‘सिरीज 1’, एक सुटं ‘B’, आणि PR8 नंतर एक पुसट आकडा. तो 3 होता की 8, ते कळत नव्हतं. तिचं म्हणणं होतं, ‘सर, एक नंबर आहे म्हणजे रंग टिकाऊच असणार ना?’

हा गैरसमज फार जणांचा होतो. सिरीजचा आकडा किमतीचा गट सांगतो. सिरीज 1 म्हणजे त्या कंपनीचा सर्वांत स्वस्त गट. कोबाल्ट, कॅडमियम यांसारखी महाग द्रव्यं वरच्या सिरीजमध्ये असतात. रंग किती टिकेल, याच्याशी या आकड्याचा काहीही संबंध नाही.

आता कोडकडे येऊ. रंगद्रव्यांची ‘कलर इंडेक्स’ नावाची एक आंतरराष्ट्रीय सूची आहे. तिच्यात प्रत्येक द्रव्याला अक्षरं आणि आकडा दिलेला असतो. P म्हणजे पिगमेंट, पुढचं अक्षर रंगाच्या कुळाचं: R लाल, B निळा, Y पिवळा, G हिरवा, V जांभळा, W पांढरा. तपकिरीसाठी Br आणि काळ्यासाठी Bk लिहितात, म्हणून फोटोत PB नंतर आणखी एखादं बारीक अक्षर दडलंय का, ते जरूर पाहावं. PB29 हा अल्ट्रामरीन निळा, तर PBr7 म्हणजे बर्न्ट सिएना, अंबर असे मातीचे रंग. ट्यूबवर एकच कोड असेल तर आत एकच द्रव्य आहे, दोन-तीन असतील तर मिश्रण आहे.

PR83 आणि PR88 या दोन कोडांत दिसायला एका वेटोळ्याचा फरक आहे, पण द्रव्यं पूर्णपणे वेगळी आहेत. PR83 म्हणजे ॲलिझरिन क्रिमसन आणि PR88 म्हणजे थायोइंडिगो कुळातलं जांभळट लाल द्रव्य. अशा वेळी अंदाजाने आकडा ठरवू नये, फोटोतच दुसरा पुरावा शोधावा. बऱ्याच ट्यूबांवर कोडशेजारी सूचीतला पाच अंकी क्रमांकही छापलेला असतो. PR83 साठी तो 58000 ने सुरू होतो. मी तिला घडी हळूच उलगडून, ट्यूबशेजारी पांढरा कागद ठेवून, खिडकीच्या उजेडात बाजूने पुन्हा फोटो काढायला सांगितलं. समोरून काढला की धातूची चकाकी नेमकी अक्षरांवर येते. नव्या फोटोत नावाचा पहिला भागही वाचता आला आणि 004 हा कंपनीचा स्वतःचा रंगक्रमांकही दिसला. या कंपनीच्या यादीत तो ॲलिझरिन क्रिमसनचा आहे. हा क्रमांक फक्त त्या कंपनीपुरताच खरा, दुसऱ्या कंपनीची ट्यूब त्यावरून ओळखता येत नाही. पण कंपनी माहीत असली की असा धागा पुरेसा होतो. ट्यूब PR83 ची ठरली.

उरलं ते सुटं ‘B’. विन्सर अँड न्यूटन टिकाऊपणासाठी AA, A, B, C अशी अक्षरं वापरते. पहिले दोन गट कायम टिकणारे, B मध्यम आणि C उडून जाणारा. दुसरी मोजपट्टी अमेरिकेतल्या एएसटीएम या मानक संस्थेची आहे, रोमन आकड्यांत I ते V. तिथे I सर्वांत चांगला. लोकरीच्या निळ्या पट्ट्यांवरून ठरवलेल्या ‘ब्लू वूल’ मोजपट्टीत मात्र उलटं, १ सर्वांत कच्चा आणि ८ सर्वांत पक्का. काही युरोपीय कंपन्या तारे किंवा अधिकचिन्हं छापतात, त्यांत जितकी जास्त तितकं चांगलं. म्हणून फोटोत नुसता आकडा दिसला, तर तो कोणत्या मोजपट्टीचा आहे हे कळल्याशिवाय त्यावरून काहीच ठरवू नये.

ॲलिझरिनची गोष्ट मुळातून समजून घेण्यासारखी आहे. आपल्या मंजिष्ठाच्या कुळातल्या युरोपीय मॅडर रोपाच्या मुळांत हे द्रव्य असतं. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ते प्रयोगशाळेत तयार केलं. मुळात हा विरघळणारा रंग. तो ॲल्युमिनियमच्या क्षारावर बसवून त्याची पूड केली जाते. प्रकाशात त्याचे रेणू हळूहळू मोडतात. रंगाचा थर जाड असेल तर वरचा भाग खालच्याला सावली देतो, म्हणून तैलरंगात जाड लावलेला ॲलिझरिन बऱ्यापैकी तग धरतो. पण पांढऱ्यात मिसळला, किंवा जलरंगात पातळ वॉश दिला, की प्रत्येक कणाला उजेड लागतो आणि गुलाबी छटा विरत जाते. त्यामुळेच एकच द्रव्य तैलरंगात आणि जलरंगात वेगवेगळी श्रेणी मिळवू शकतं.

कच्च्या लाल रंगांनी काय होतं, याचं जगप्रसिद्ध उदाहरण व्हॅन गॉगच्या १८८८ च्या ‘द बेडरूम’ चित्राचं. खोलीच्या आज निळ्या दिसणाऱ्या भिंती त्याने जांभळट रंगवल्या होत्या. मिश्रणातला लाल उडाला आणि निळा मागे राहिला. एखाद्या निसर्गचित्रातलं संध्याकाळचं जांभळं आकाश PR83 ने रंगवलं, तर त्याचीही हीच गत होऊ शकते.

कोडलाही मर्यादा आहेत. तो द्रव्य सांगतो, नेमकी छटा सांगत नाही. PV19 या एकाच कोडखाली गुलाबी आणि जांभळा असे दोन्ही रंग मिळतात, कारण त्याच रेणूचे स्फटिक दोन प्रकारे बसतात. शिवाय नावात ‘हय़ू’ हा शब्द असेल तर आत मूळ द्रव्य नाही, त्याच्यासारखी दिसणारी बदली आहे. ही बदली दरवेळी वाईट असते असं नाही. ‘ॲलिझरिन हय़ू’ किंवा ‘पर्मनंट ॲलिझरिन’ असं लिहिलेल्या ट्यूबमध्ये बहुधा मूळ रंगापेक्षा जास्त टिकणारं द्रव्य असतं. त्याच विन्सर अँड न्यूटनच्या जलरंगातल्या पर्मनंट ॲलिझरिन क्रिमसनवर PR206 हा कोड असतो.

विद्यार्थिनीला मी ट्यूब टाकून द्यायला सांगितलं नाही. बंद राहणाऱ्या स्केचबुकात हा रंग वर्षानुवर्षं छान राहतो, भिंतीवर लावायच्या चित्रात तो वापरू नये. आणि लेबल पूर्णच निघून गेलं असेल, तर फोटोवरून काहीही ठामपणे सांगता येत नाही. मग घरीच परीक्षा घ्यावी. जाड कागदावर एक दाट आणि एक पातळ पट्टा ओढायचा, तारीख लिहायची, अर्ध्या भागावर ॲल्युमिनियम फॉइल घट्ट चिकटवून कागद दक्षिणेकडच्या खिडकीत लावायचा. शेजारी PB29 चा पट्टा तुलनेला ठेवायचा, तो उन्हात टिकतो. दर महिन्याला फॉइल उचलून पाहायचं. आधी पातळ पट्ट्याकडे पाहावं, कच्चा रंग तिथेच सगळ्यात आधी उडतो.