साठ माणसं हवीत, पण कोणती आणि कधी?

पुण्यात बाणेर-हिंजवडीच्या पट्ट्यात वेगाने वाढणारी एक सॉफ्टवेअर कंपनी आहे, असं समजू. ती रुग्णालयांसाठी बिलिंग आणि रुग्णनोंदींचं सॉफ्टवेअर बनवते. आज 120 रुग्णालयं तिचं सॉफ्टवेअर वापरतात, पुढच्या मार्चपर्यंत 180 व्हायची आहेत. इंजिनिअर आज 200 आहेत, तेव्हा 260 लागतील. एप्रिलच्या बैठकीत सोपी वजाबाकी होते आणि एचआरला निरोप जातो, 'साठ जण भरा.' हा आकडा चुकीचा आहे. तो कुठे चुकतो हे शोधण्याच्या कामाला मनुष्यबळाच्या तुटीचा हिशोब म्हणता येईल. त्यात एका बाजूला पुढची गरज असते, दुसऱ्या बाजूला हातातली कौशल्यं, आणि दोन्ही एकाच तारखेला तोलून पाहायची असतात.

पहिली चूक लगेच दिसते. वर्षभरात काही लोक सोडून जाणारच. गळतीचं प्रमाण 15 टक्के धरलं तर 30 जण जातील आणि 170 उरतील. म्हणजे भरती 60 जणांची नाही, 90 जणांची करायला हवी. गळती हा किरकोळ भाग नाही. सॉफ्टवेअर क्षेत्रात भरतीची लाट होती त्या काळात, मार्च 2022ला संपलेल्या वर्षात, इन्फोसिससारख्या मोठ्या कंपनीतही स्वेच्छेने नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण 27.7 टक्क्यांवर गेलं होतं.

दुसरी चूक जास्त खोल आहे. ग्राहक दीडपट झाले म्हणून प्रत्येक टीम दीडपट होत नाही. मूळ सॉफ्टवेअरचा कोड 120 रुग्णालयांसाठी असो की 180साठी, तो बहुतांशी तोच असतो. त्यामुळे बॅकएंडचे आजचे 90 लोक फार तर 95 व्हावे लागतील. क्लाउडचं मात्र उलट आहे. नवी रुग्णालयं तर आहेतच, शिवाय जुन्यांनाही आपल्या इमारतीतला सर्व्हर बंद करून क्लाउडवर यायचं आहे. प्रत्येकाचा डेटा हलवायचा आणि मग रात्रंदिवस त्यावर लक्ष ठेवायचं. तिथे 12 जणांचे 30 लागतील. डेटा इंजिनिअर 8चे 25, फ्रंटएंडचे 40चे 55. टेस्टिंगचं तर स्वरूपच बदलतंय. हाताने तपासणी करणारे 40 आहेत, लागतील 20. ऑटोमेशन टेस्टिंगवाले 10 आहेत, लागतील 35.

आता गळती टीमनिहाय धरली की चित्र पालटतं. हाताने टेस्टिंग करणाऱ्यांपैकी 6 गेले तरी 34 उरतात, म्हणजे 14 जादा. बाकीच्या सगळ्या टीममधली तूट एकत्र केली तर ती 104 भरते. 104 मधून 14 वजा केले की पुन्हा 90 येतात, पण त्या 90च्या पोटात एकीकडे टंचाई आणि दुसरीकडे बेंचवर बसणारी माणसं दडलेली असतात. एकच बेरीज पाहणारा अधिकारी एकाच महिन्यात भरतीची जाहिरातही देतो आणि अनुभवी टेस्टरना नारळही देतो. त्या 14 जणांना रुग्णालयातलं काम कसं चालतं हे माहीत असतं. बिलात चूक कुठे होते हे त्यांना बाहेरच्या माणसापेक्षा आधी कळतं. त्यातले 10 जण जरी कोडिंग शिकून ऑटोमेशनकडे वळले, तरी तिथली 27ची तूट 17वर येते.

तिसरी गोष्ट मोजायला सगळ्यात अवघड. क्लाउडचे '12 लोक' म्हणजे नेमके कोण? स्वतःचं कौशल्य स्वतः भरून द्यायचा तक्ता सगळ्यांना पाठवला, तर बाराच्या बारा जण 'येतं' यावर खूण करतात. खरा प्रश्न असा विचारावा लागतो: रात्री दोन वाजता एखाद्या रुग्णालयाची यंत्रणा बंद पडली, तर कोणाला न विचारता ती कोण उभी करेल? मागच्या सहा महिन्यांच्या नोंदी काढून कोणता बिघाड कोणी सोडवला हे पाहिलं, की चार नावं पुढे येतात. उरलेले आठ जण कुणाच्या तरी हाताखाली चांगलं काम करतात, पण एकटे नाही. म्हणून कौशल्याच्या तक्त्यात किमान तीन रकाने हवेत: शिकतोय, मदतीने करतो, एकट्याने करतो आणि दुसऱ्याला शिकवतो. तपासणी मॅनेजरच्या मतावर सोडू नये, झालेल्या कामावर करावी.

यानंतर येतं कॅलेंडर. उमेदवार शोधून ऑफर देईपर्यंत दीड महिना जातो. आपल्याकडे अनेक आयटी कंपन्यांत नोटीस पिरियड 90 दिवसांचा असतो. नवा माणूस रुजू झाल्यावर त्याला आपली यंत्रणा कळायला आणखी तीन महिने धरू. असे एकूण साडेसात महिने होतात. 1 एप्रिलला काढलेली जागा खऱ्या अर्थाने नोव्हेंबरच्या मध्यावर भरते. शिवाय होकार देऊनही न येणारे असतातच, कारण नोटीसच्या त्या तीन महिन्यांत हातात दुसरी ऑफर येते. दहातले तीन गळतात असं धरलं, तर 21 माणसं हवी असताना 30 ऑफर द्याव्या लागतात.

क्लाउडची तूट बरोबर 21 आहे, कारण 12पैकी 3 जातील आणि 9 उरतील. पैसे आहेत, उमेदवारही मिळतील, मग अडचण काय? शिकवणारे फक्त चार आहेत. आपलं काम सांभाळून एक जण एका वेळी दोघांनाच नीट तयार करू शकतो. म्हणजे तीन महिन्यांत आठ. पहिली तुकडी ऑगस्टच्या मध्यावर येते आणि नोव्हेंबरच्या मध्यावर तयार होते, दुसरी फेब्रुवारीच्या मध्यावर. मार्चपर्यंत तयार झालेले 16, पाच कमीच. जानेवारीत तर हाताशी आठच. एकवीस जणांना एकदम आणलं तर चौघांचा सगळा दिवस शिकवण्यात जाईल आणि चालू काम रखडेल. आयबीएमच्या ओएस/360 प्रकल्पाच्या अनुभवावरून फ्रेड ब्रुक्स यांनी 1975मध्ये 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात हेच दाखवलं होतं: उशीर झालेल्या कामात नवी माणसं घातली की उशीर वाढतो.

या हिशोबातून हातात काय येतं? पहिली गोष्ट, त्या चौघांपैकी एक जरी गेला तर वर्षाची तयारी 16वरून 12वर येते. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच त्यांचा पगार, रात्रपाळी आणि सुट्ट्या यांचा विचार करणं नंतरच्या कोणत्याही भरतीपेक्षा स्वस्त पडतं. दुसरी गोष्ट, हाताखाली काम करणाऱ्या आठांपैकी दोघांना एप्रिल ते ऑगस्टमध्ये एकट्याने काम करण्याइतकं तयार केलं, तर प्रत्येक तुकडी आठऐवजी बाराची होते आणि मार्चपर्यंत 21 पूर्ण होतात.

मागणीचा अंदाजही दगडावरची रेघ नसते. 2022नंतर काम मंदावलं, तेव्हा ऑफर लेटर हातात असलेले अनेक फ्रेशर कितीतरी महिने घरी बसून राहिले. त्यामागे लाटेच्या भरात केलेले भरतीचे अंदाज होते. म्हणून 180 रुग्णालयांबरोबर 150चाही हिशोब मांडून ठेवायचा. दोन्ही हिशोबांत लागणारी माणसं आज घ्यायची, आणि फक्त मोठ्या हिशोबात लागणाऱ्या जागा करार सह्या झाल्यावरच उघडायच्या. दर तिमाहीला आकडे पुन्हा तपासायचे.

आणि जानेवारीत आठच माणसं तयार असतील, हे एप्रिलमध्येच कळलं असेल, तर विक्री विभागाने जानेवारीत कबूल केलेल्या रुग्णालयांपैकी काहींची तारीख आजच मार्चनंतर ढकलता येते. रुग्णालयाला दोन महिने आधीचा फोन आवडणार नाही, नऊ महिने आधीचा चालतो. तूट भरून काढायचा एक मार्ग माणसं वाढवण्याचा आहे, दुसरा दिलेला शब्द वेळेत बदलण्याचा. दुसऱ्या मार्गाला एक रुपया लागत नाही, पण त्यासाठी हा तक्ता भरतीच्या टेबलावरून उचलून विक्रीच्या टेबलावर ठेवावा लागतो.