खेळ न जाणणाऱ्यासाठी खेळाचा चित्रपट

बेळगाव-निपाणीच्या मुलखात मातीवरची कुस्ती पाहिलेली माणसे पुष्कळ आहेत. परंतु ज्याने आखाड्याकडे कधी पाऊल वळविले नाही, त्याने खेळाचा चित्रपट कसा निवडावा? त्यास एक कसोटी पुरेशी आहे. अखेरच्या सामन्यात जो नियम निर्णायक ठरणार, तो कथेच्या ओघात आधीच समजावून दिला आहे काय, हे पाहावे.

नितेश तिवारी यांचा ‘दंगल’ (२०१६) या कसोटीस उतरतो. मातीच्या कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. गादीवर तो गुणांवरही लागतो. अनभिज्ञ प्रेक्षक नेमका येथेच अडतो. म्हणून चित्रपटातील महावीरसिंग फोगाट मुलीला गुणांचा हिशेब शिकवितात आणि पाच गुणांचा डाव किती अवघड, हेही सांगतात. गीतेबरोबर प्रेक्षकही शिकतो. अंतिम लढतीत तोच डाव पडतो, तेव्हा शेजाऱ्यास काही विचारावे लागत नाही.

सत्यकथेबाबत मात्र सावध असावे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत गीताने सुवर्णपदक जिंकले, हे खरे. पण तो सामना चुरशीचा नव्हता, तिने तो सरळ दोन फेऱ्यांत जिंकला. वडिलांना खोलीत कोंडल्याचा प्रसंगही कल्पित आहे. अखेरच्या क्षणी फिरणारा निकाल आणि ऐन वेळी उभा राहणारा खलपुरुष दिसला, की तेथे बहुधा पटकथाकाराची लेखणी चालली आहे, असे समजावे. बापलेकींमधील ताण मात्र त्या निकालावर अवलंबून नाही. आणि खेळ न जाणणारा प्रेक्षक त्याच्याचसाठी बसून राहतो.